कामातून गेलेल्या बैलाचा दाखला: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: शेतकऱ्याने घरीच सांभाळलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या चाऱ्याबाबत

सादर नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहते. आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यातली पाच एकर सपाट काळी आहे आणि दोन एकर नाल्याच्या उताराला लागून आहे. घरात सासू-सासरे, माझे पती, मी आणि दोन मुली आहोत. कोठ्यात एक गाय, एक कालवड आणि दोन बैल. या दोन बैलांपैकी चांद्या या उन्हाळ्यानंतर कामातून गेला, आणि त्याचे काय करायचे हे ठरवायला आमच्या घराला जवळपास अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत काय घडले ते मी सविस्तर लिहिते, कारण माझी मागणी त्यातूनच निघालेली आहे आणि ते वाचल्याशिवाय ती नीट कळणार नाही.

चांद्या 2010 साली आमच्याच गवळाऊ गायीच्या पोटी जन्मला. पांढरा, अंगाने हलका, चालीला तेज, अशी आमच्या भागातली ही जात आपल्या विभागाला चांगली माहीत आहे. 2014 च्या खरिपात तो पहिल्यांदा जुवाखाली आला आणि तेव्हापासून बारा हंगाम त्याने आमचे वावर उलथले. आता तर ट्रॅक्टर आहेत, मग बैल कशाला, असे शहरातले नातेवाईक विचारतात. पाच एकरांची नांगरणी आम्हीही आठ वर्षांपासून भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतो. पण उतारावरच्या दोन एकरांत ट्रॅक्टर वळत नाही, तिथे नांगर आणि वखर दोन्ही बैलांचेच. शिवाय पऱ्हाटी गुडघ्याला आली की दोन ओळींमधून डवरा फिरवायला बैलजोडीच लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार डवरण्या वेळेवर झाल्या नाहीत तर निंदणाचा खर्च कापसाच्या बोकांडी बसतो. म्हणून एक बैल गेला की आमचे निम्मे नाही, सगळेच काम अडते. एकट्या बैलाला जू ओढता येत नाही.

2022 च्या साथीत चांद्याला लंपी झाला. अंगावर गाठी उठल्या, ताप आला आणि पुढचा उजवा पाय खांद्यापासून खुरापर्यंत सुजला. माझ्या सासूबाईंनी वीस दिवस कडुनिंबाच्या पाण्याने त्याच्या जखमा धुतल्या, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन इंजेक्शने देऊन गेले आणि तो वाचला. त्या साथीत ओढकामाचा बैल मेला तर शासनाने मालकाला 25,000 रुपये दिले, आणि ते योग्यच होते. आमचा बैल जगला याचा आम्हाला आनंद झाला. मात्र त्याच्या पायातली सूज कधीच पूर्ण उतरली नाही. थंडीत तो पाय टाकताना अवघडायचा, पण जुवाखाली मान दिली की ओढायचा.

बैल थकला हे एका दिवसात कळत नाही. मला ते आधी गव्हाणीत दिसले. मार्चपासून सकाळी गव्हाण झाडताना कडब्याचे ओले, अर्धवट चावलेले गोळे सापडू लागले. चांद्या घास तोंडात घ्यायचा, बराच वेळ घोळवायचा आणि गिळता न आल्यामुळे टाकून द्यायचा. त्याच्या शेणात कडब्याचे बोटाएवढे लांब तंतू तसेच्या तसे निघत. मग उठण्याचे पाहा. जनावर आधी मागचा भाग उचलते आणि मग पुढच्या गुडघ्यांवर जोर देऊन उभे राहते. चांद्या मागचा भाग उचलायचा, दुखरा पाय जोर घेत नसल्यामुळे पुन्हा बसायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला उभा राहायचा. मी हे पतींना सांगितले. ते म्हणाले, "पाणी पडू दे, हिरवा चारा भेटला का सुधरन."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या पावसानंतर, उतारावरच्या तुकड्यात नांगर धरला. मी धुऱ्यावर पाणी घेऊन उभी होते. पहिले चार तास, म्हणजे नांगराच्या चार रेघा, चांद्याने काढले. पाचव्या तासाला जू तिरपे झाले: हरण्या, म्हणजे त्याचा जोडीदार, पुढे आणि चांद्या हातभर मागे. सासऱ्यांनी नांगर थोडा वर घेतला, म्हणजे फाळ उथळ जाईल आणि ओढ कमी होईल. तरीही सहाव्या तासाच्या मध्यावर चांद्या थांबला, पुढचे दोन्ही गुडघे टेकले आणि नांगरलेल्या तासातच बसला. तोंडातून फेस गळत होता. सासऱ्यांच्या हातात बैल हाकायची तुतारी होती, ती त्यांनी उचलली नाही. त्यांनी आधी जोते सोडले, मग शिवळ काढली, आणि हरण्याला बाजूला करून ते चांद्याच्या शेजारी मातीत बसून राहिले. त्या दिवशी आम्ही नांगर घरी आणला तो बंडीत घालून नव्हे, पतींच्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक आले. त्यांनी चांद्याची जीभ बाजूला धरून मला दात दाखवले. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ असतात, ते पाच वर्षांच्या आसपास जुळतात आणि तिथपर्यंत वय बरेच नेमके सांगता येते, पुढे केवळ झिजेवरून अंदाज करावा लागतो. चांद्याचे ते आठ दात खुंटांसारखे राहिले होते आणि मधल्या फटीत माझी करंगळी गेली असती. खरे दुखणे मागच्या दाढांत आहे, असे ते म्हणाले. त्या झिजल्यामुळे चारा दळला जात नाही आणि पोटभर खाऊनही जनावर उपाशी राहते. त्यांनी पायासाठी मेलॉक्सिकॅम दिले. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, कारण ते दिलेले जनावर मेल्यावर गिधाडे त्याचे मांस खाऊन मरतात, हेही त्यांनी समजावून सांगितले. मग म्हणाले की कडब्याची कुट्टी करून द्या, ढेप रात्रभर भिजवून द्या, मीठ आणि खनिज मिश्रण चुकवू नका, आणि याला पुन्हा जुंपू नका. मी विचारले, किती वर्षे जगेल? ते म्हणाले, नीट सांभाळला तर तीन, कदाचित पाचसुद्धा.

त्या रात्री मोठ्या मुलीच्या वहीत मी हिशेब मांडला. चांद्याचे वजन अंदाजे साडेतीनशे किलो. शंभर किलो वजनामागे दोन किलो कोरडा चारा धरला तर रोजचा सात किलो, वर्षाचा अडीच टनांहून जास्त. घरचे सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार आहे, पण पूर्वी आमच्या दोन एकरांत ज्वारी असायची तेव्हा कडबा विकत घ्यावा लागत नव्हता. आता डुकरांमुळे आणि भावामुळे ज्वारी एकरभरसुद्धा उरलेली नाही. ढेप, चुनी आणि उन्हाळ्यातला विकतचा कडबा धरून चार महिने रोज 70 रुपये आणि उरलेले आठ महिने रोज 30 रुपये, असा वर्षाचा आकडा 16,000 रुपयांच्या जवळ गेला. त्यात औषधपाणी नाही आणि माझे कष्टही नाहीत. शेणाचा हिशेबही मी केला, कारण सासूबाईंचा आग्रह होता. रोजचे दहा किलो शेण म्हणजे वर्षाला साडेतीन टनांच्या वर ओले शेण; त्याचे कुजलेले खत निम्म्याहूनही कमी भरते. ते वावराला उपयोगी आहे, पण त्याने चाऱ्याचे पैसे निघत नाहीत. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण शेणामुताच्या बळावर म्हातारा बैल फायद्यात राहतो असे सभांमधून सांगितले जाते आणि आमच्या वहीत ते जमले नाही.

मी विकण्याच्या बाजूची होते. हे लिहिताना मला जड जाते, पण खरे ते खरे. मोठी मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी तिची फी आहे, आणि हरण्याला जोडीदार आणायचा तर चांगल्या बैलाचे चाळीस हजार सांगतात. सासरेही माझ्या बाजूचे होते. सोसायटीचे कर्ज त्यांच्या नावावर आहे. सासूबाई एकट्याच "नाही" म्हणत होत्या, आणि पती कोणाकडेच बघत नव्हते.

जुलैमध्ये सासरे आणि पती चांद्याला घेऊन आठवडी बैलबाजारात गेले. कानात बारा अंकी बिल्ला होता, सगळे कागद सरळ होते. दुपारपर्यंत एकाही शेतकऱ्याने चांद्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. शेवटी एक हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, आला. त्याने दात पाहिले, पाय पाहिला, आणि रुमालाखाली सासऱ्यांची बोटे दाबून सहा हजार सांगितले. सासऱ्यांनी विचारले, "कामाचा तं नाही हा. कोणाच्या घरी नेता?" तो म्हणाला, "बाबाजी, पैसे घ्या अन् हे इचारू नका." सासऱ्यांनी हात रुमालातून काढून घेतला. पतींनी त्यांना खूप समजावले. ते एवढेच बोलले, "मी इचारलं नसतं तं इकला असता. आता इचारून बसलो." सोळा किलोमीटर चालत, दर दोन मैलांवर चांद्याला बसवत, ते रात्री दहाला घरी पोहोचले.

इथे मला कायद्याविषयी बोलले पाहिजे. 1976 च्या मूळ प्राणी संरक्षण कायद्यात शेतीकामाला निरुपयोगी झालेल्या बैलाची तपासणी करून अधिकाऱ्याने दाखला देण्याची सोय होती आणि त्या दाखल्यावर तो बैल कत्तलीला देता येत असे. मार्च 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. बैलाच्या कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कत्तलीसाठी विकणाराही गुन्हेगार ठरतो. उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये ही बंदी कायम ठेवली. आमच्या घराला हा कायदा मोडायचा नाही. सासऱ्यांनी बाजारात जे केले ते त्यांनी कायद्याच्या भीतीने केले नाही. पण कायद्याने एक दाखला रद्द केला आणि त्याच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही. बैल मारायचा नाही हे राज्याने ठरवले, त्याला जगवायचे कोणाच्या पैशाने हे मात्र ठरवले नाही. तो भार ज्याच्या दावणीला बैल बांधलेला आहे त्याच्यावर आपोआप पडला.

गोशाळेचाही मार्ग आम्ही पाहिला. चाळीस किलोमीटरवरच्या एका गोशाळेत पती आणि मी स्वतः गेलो. तिथले व्यवस्थापक चांगले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि स्पष्ट सांगितले की जागा दीडशेची आहे, जनावरे अडीचशे आहेत, आणि बैल घ्यायचा तर गाडीभाड्याशिवाय 11,000 रुपये चाऱ्यासाठी द्यावे लागतील. त्यांचेही कारण मला पटले. 30 सप्टेंबर 2024 च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार गोशाळांना रोज 50 रुपयांचे जे अनुदान आहे ते देशी गायीसाठी आहे. बैल घेतला तर त्याचे पोट देणगीवरच भरायचे. परत येताना मागच्या बाजूचा वाडा दिसला. घोट्याएवढ्या चिखलात बैल दाटीवाटीने उभे होते आणि गव्हाणीपर्यंत पोहोचत होते ते फक्त धडधाकट. चांद्याला तिथे पाय टेकायला जागा मिळाली नसती.

तिसरी वाट पतींच्या चुलतभावाने सुचवली: रात्री दूरच्या रस्त्यावर नेऊन सोडा, कोणाला कळत नाही. ही वाट आमच्या भागात किती रुळली आहे हे आपल्या विभागाला माहीत असेलच. मला ती वेगळ्या रीतीने माहीत आहे. गेल्या डिसेंबरात आमच्या तुरीत एक मोकाट बैल शिरला. मी आणि शेजारच्या बाईंनी त्याला काठ्यांनी मारत पांदणीपर्यंत हाकलले. तो पळत नव्हता, कारण त्याला पळता येत नव्हते. पांदणीवर तो वळला तेव्हा त्याच्या नाकात वेसणीचे भोक दिसले. वेसण कोणीतरी काढून घेतली होती, पण एवढ्या वर्षांचे भोक बुजत नाही. तो कोणाच्या तरी घरचा नांगराचा बैल होता, आणि मी त्याला पुढच्या गावाच्या शिवेत ढकलून घरी येऊन स्वयंपाकाला लागले होते. चुलतभाऊ बोलला तेव्हा मला ते भोक आठवले. मी म्हटले, हे आपल्या घरात पुन्हा बोलू नका.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांद शेकतात. वर्षभर जुवाने घासलेल्या खांद्यावर हळद आणि तूप चोळायचे, पळसाच्या पानाने शेकायचे, आणि प्रत्येक बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सासूबाईंनी हरण्याचा खांदा शेकला आणि चांद्याकडे वळल्या. त्याच्या मानेवर तळहाताएवढा, चामड्यासारखा कडक घट्टा आहे. त्यावर केस उगवत नाहीत. त्या घट्ट्यावर तूप चोळता चोळता त्यांनी आवतन दिले. सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता आवतन देल्लं न तुवा. मंग तो इथंच जेवन." पती म्हणाले, "पैशाचं?" सासरे म्हणाले, "हरण्याले सावडीत घालू. नवा बैल या वर्षी नाही." एवढ्यावर तो निर्णय झाला. मला वाटले होते की मी विरोध करीन. मी उठून कुट्टी कापायला गेले.

शेजाऱ्यांचाही एक बैल गेल्या वर्षी शिंगाच्या कर्करोगाने गेला होता, त्यामुळे त्यांचा एक आणि आमचा हरण्या अशी जोडी जमवली. दोघांनाही डावीकडे चालायची सवय असल्यामुळे पहिले पाच-सहा दिवस रिकाम्या जुवावर फिरवावे लागले. एक दिवस त्यांचे वावर, एक दिवस आमचे, असे डवरण्यांचे झाले, आणि पाऊस लागून पडल्यामुळे आमची एक डवरणी चुकली. तेवढे निंदण मजुरांकडून करून घ्यावे लागले. चांद्या घरी राहण्याची किंमत अशी चाऱ्याच्या बाहेरही असते.

माझी मागणी एवढीच आहे की 2015 मध्ये बंद झालेला तो दाखला वेगळ्या कामासाठी पुन्हा सुरू करावा. पूर्वी पशुवैद्यक "हा बैल कामाला निरुपयोगी आहे" असे लिहून देत तेव्हा तो कत्तलखान्याकडे जाई. आता तसेच लिहून दिल्यावर त्या बैलाच्या नावाने मालकाच्या खात्यात चाऱ्याचे पैसे यावेत. वयाची अट घालू नये, कारण दातांवरून म्हाताऱ्या बैलाचे वय नक्की सांगता येत नाही आणि लंपीसारख्या आजाराने दहा वर्षांचा बैलही कामातून जातो. अट कामाचीच असावी. गोशाळेतल्या गायीला रोजचे 50 रुपये मिळतात, तर घरच्या बैलाला त्याच्या निम्मे, म्हणजे 25 रुपये द्यावेत. वर्षाचे 9,125 रुपये होतात. त्यात माझा खर्च भागत नाही आणि भागावा अशी अपेक्षाही नाही. उरलेले आम्ही घालतो आहोत, घालत राहू. पण आमच्या कोठ्यात जागा आहे, पाणी आहे, आणि बैल ज्याला ओळखतो ते माणूस आहे. गोशाळेला यातले प्रत्येक नव्याने उभारावे लागते.

यात खोटेपणा होईल, मेलेल्या बैलाच्या नावावर लोक पैसे उचलतील, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. बिल्ला कान फाटून पडतो, काढून दुसऱ्या जनावराला लावताही येतो. पण लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी दारात येते. त्या फेरीत लस टोचणाऱ्याने बिल्ल्याचा क्रमांक आणि बैलाची खूण, म्हणजे शिंगांचा आकार, भोवरा, कपाळावरचा चांद, ताडून हजेरी नोंदवावी आणि त्यानंतरच पुढच्या सहा महिन्यांचे पैसे सोडावेत. दोन फेऱ्यांच्या मध्ये बैल मेला तर ग्रामपंचायतीच्या पंचनाम्यावर रक्कम थांबावी, आणि शक्य झाल्यास त्याच पंचनाम्यावर खड्ड्याच्या खर्चाला हातभार मिळावा. बैलाएवढा खड्डा आता जेसीबीशिवाय होत नाही, म्हणूनच अनेक मेलेली जनावरे नाल्यात टाकली जातात.

आमच्या गावात लसीकरणाची पुढची फेरी थोड्याच दिवसांत येणार आहे. आपल्या विभागाच्या कोणा अधिकाऱ्याला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर त्यांनी त्या दिवशी यावे. सकाळी साडेसहाला मी भिजवलेली ढेप घेऊन कोठ्यात जाते. चांद्या मला पाहून उठायला लागतो. त्याला दोन खेपा लागतात, थंडी असली तर तीन. आम्ही त्याच्या पुढच्या पायाखाली जुन्या पोत्यांत कुटार भरून टाकले आहे, म्हणजे गुडघा टेकला तरी सोलत नाही. उठून उभा राहिला की तो आधी पाणी पितो, मग ढेप खातो, आणि गव्हाणीत आता गोळे सापडत नाहीत.

आपली विश्वासू,
आर्वी तालुक्यातील एक शेतकरी महिला